वाळलेलं लॉन आणि अंगणातला पसारा: घराचा बाहेरून काढलेला फोटो गिम्पमध्ये कसा सावरायचा

वाईजवळ, धोम धरणाच्या बाजूला एका काकांचा बंगला आहे. ते स्वतः पुण्यात राहतात आणि बंगला सुट्ट्यांसाठी भाड्याने द्यायचं त्यांनी ठरवलं. एप्रिलच्या शेवटी त्यांनी मोबाइलवर काढलेला एक फोटो मला पाठवला आणि म्हणाले, "बघ गं, लॉन पार वाळून गेलंय. पावसाळ्यात काय हिरवंगार असतं! आणि समोरचा तो पसारा तेवढा काढून दे."

या लेखात मी तोच फोटो पायरीपायरीने घेते. काम गिम्पमध्ये केलं आहे. हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. मेनूंची नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच दिली आहेत. मुख्य युक्ती फोटोशॉपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्येही तशीच लागू पडते, कारण ती एका साध्या गुणाकारावर उभी आहे.

आधी मूळ फाइल मागवा

काकांनी पहिल्यांदा फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला होता. तसा पाठवला की तो लहान होतो आणि दाबला जातो. गवतासारख्या बारीक पोताची त्यात सगळ्यात जास्त हानी होते. पात्यांच्या जागी चौकोनी ठिगळं येतात. वाळक्या रंगात ती नजरेत भरत नाहीत, पण हिरवा रंग चढवला की एकदम उठून दिसतात. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा किंवा मेलने मागवा. काकांनी पुन्हा पाठवलेली फाइल ४००० × ३००० पिक्सेलची होती. पुढे ब्रशचे जे आकार सांगते आहे ते या मापासाठी आहेत. तुमचा फोटो लहान असेल तर त्या प्रमाणात कमी करा.

काय काढायचं, काय ठेवायचं

संगणकाला हात लावण्यापूर्वी फोटो पाच मिनिटं नुसता बघावा आणि यादी करावी. या फोटोत लॉनवरून नागमोडी गेलेला पाण्याचा पाइप होता. मधोमध दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक निळी बादली आणि पायरीवर चपलांचे तीन जोड होते. गच्चीच्या कठड्यावर दोन चादरी वाळत होत्या. उजव्या कडेला राखणदाराची स्कूटर अर्धी फोटोत आलेली होती. शिवाय फाटकाजवळ विजेचा खांब होता आणि त्याच्या तारा गच्चीसमोरून जात होत्या.

माझी कसोटी साधी आहे. जी वस्तू फोटो काढण्याआधी दहा मिनिटांत हाताने उचलून बाजूला ठेवता आली असती, ती पसारा. ती काढायला हरकत नाही. खांब, तारा, पाण्याची टाकी, भिंतीची भेग, शेजारच्या घराची मागची बाजू या गोष्टी त्या जागेचा भाग आहेत. येणारा पाहुणा त्या बघणारच आहे. काकांनी खांब काढायचा आग्रह धरला होता, मी नाही म्हटलं. त्यांना थोडं वाईट वाटलं, पण पाहुण्याने दारात उभं राहून फोटो आणि घर ताडून पाहिलं तर काय होईल हे सांगितल्यावर पटलं.

लॉनच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी लागते. हरळी उन्हाळ्यात वरून वाळते, मुळं जिवंत राहतात आणि पाणी मिळालं की पंधरा-वीस दिवसांत पुन्हा हिरवी होते. असं गवत हिरवं दाखवणं म्हणजे त्या जागेचंच दुसऱ्या ऋतूतलं रूप दाखवणं. पण फाटकाजवळ गाडी वळवून वळवून माती उघडी पडली होती. तिथे गवतच नव्हतं, म्हणून तिथे ते उगवायचंही नाही, फोटोतसुद्धा. शेवटी जे चित्र तयार झालं त्यात ती मातीची जागा तशीच आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळे बाकीचं लॉन जास्त खरं वाटतं.

स्कूटरसाठी काहीच करावं लागलं नाही. एवढी मोठी वस्तू पुसायची तर तिच्यामागे काय होतं ते मनाने रचावं लागतं. ती कडेला होती, म्हणून उजवीकडचे साडेतीनशे पिक्सेल कापून टाकले. कापून काम होत असेल तर पुसायच्या भानगडीत पडू नये.

क्रम: पसारा आधी, रंग नंतर

नवीन माणूस बहुतेक वेळा उत्साहाने आधी लॉन हिरवं करतो. मग पाइप पुसायला घेतो आणि अडकतो, कारण आता त्याला हिरव्या रंगाचे तुकडे एकमेकांशी जुळवत बसावं लागतं. आधी वाळक्या गवताच्या जागी वाळकंच गवत बसवून घ्या. सगळं लॉन एकसारखं वाळकं आणि रिकामं झालं की वरून हिरवा रंग एकदाच चढवायचा. पुसलेली जागा आणि न पुसलेली जागा दोन्हींना तोच रंग मिळतो.

गिम्पमध्ये फोटो उघडल्यावर `Layer > Duplicate Layer` करा. खालचा थर मूळ फोटो म्हणून तसाच राहू द्या, त्याला हात लावायचा नाही. वरच्या प्रतीला `safai` असं नाव द्या आणि सगळी पुसापुशी तिच्यावर करा. काही बिघडलं तर वरच्या थराचा डोळा बंद करून खाली खरं काय होतं ते लगेच बघता येतं.

पाइप पुसणं

पाइप गवतावरून जातो तिथे `Heal` हे हत्यार उत्तम चालतं. हे हत्यार तुम्ही दाखवलेल्या जागेचा पोत उचलतं, पण रंग आणि उजेड जिथे रंगवता तिथल्या आजूबाजूचा धरतं. त्यामुळे थोडा उजेडाचा फरक ते स्वतःच भरून काढतं. पाइप साधारण अठरा पिक्सेल जाड होता, मी ब्रश ४० चा घेतला. स्वच्छ गवतावर `Ctrl` दाबून क्लिक केलं की ती जागा उचलली जाते. मग पाइपवर छोटे छोटे फटकारे मारायचे. एका दमात सगळा पाइप पुसत गेलात तर उचलायची जागा ब्रशबरोबर सरकत सरकत दुसऱ्या वळणावरच्या पाइपवर जाते आणि पाइपाचाच तुकडा पुन्हा उमटतो.

गवत नेमकं कुठून उचलायचं, हे बहुतेक ठिकाणी कोणी सांगत नाही. फोटोत कॅमेऱ्याजवळचं गवत मोठं दिसतं, दूरचं बारीक. पाइपाच्या एखाद्या भागासाठी तुम्ही खालून, म्हणजे कॅमेऱ्याजवळून गवत उचललं, तर बारीक गवतात मधेच जाड पात्यांचं ठिगळ दिसतं. म्हणून नेहमी डावीकडून किंवा उजवीकडून, त्याच आडव्या रेषेवरचं गवत उचला. त्याच रेषेवरचं गवत कॅमेऱ्यापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर असतं आणि पात्यांचा आकार जुळतो. एवढी एक सवय लावली तरी नवख्याच्या कामातले निम्मे दोष दिसेनासे होतात.

पाइप पुढे फरशीच्या वाटेवरून जात होता. तिथे `Heal` वापरलं की कडा धुरकट होते, कारण हे हत्यार शेजारचा गडद रंग आत ओढून घेतं. फरशीच्या किंवा जोत्याच्या कडेवर `Clone` घ्या. ते जसंच्या तसं उमटवतं. कडेवरच्याच एका बिंदूवर `Ctrl` दाबून क्लिक करा आणि पाइपाने जिथे कड तोडली आहे, बरोबर त्या रेषेवरून रंगवायला सुरुवात करा. हत्याराच्या पर्यायांत `Alignment` हे `Aligned` वर ठेवलं की मधे हात उचलला तरी रेष जुळलेली राहते.

खुर्च्या आणि त्यांच्या सावल्या

खुर्चीसारखी मोठी वस्तू ब्रशने पुसत बसलं की गवताचा एकच झुबका पाच-सहा वेळा उमटतो. डोळा असली पुनरावृत्ती फार पटकन पकडतो. त्याऐवजी मी खुर्चीच्या डावीकडचं, त्याच रेषेवरचं गवत `Free Select` ने वेडंवाकडं वेढून घेतलं, `Edit > Copy` केलं आणि नवीन थर म्हणून चिकटवलं. ते सरकवून खुर्चीवर ठेवलं आणि मऊ खोडरबराने त्याच्या कडा विरवल्या. तुकडा वेढताना कड सरळ ठेवू नका. सरळ कड कितीही मऊ केली तरी दिसते. वेडीवाकडी कड गवतात हरवते. एकाच खुर्चीसाठी दोन वेगवेगळ्या जागांचे तुकडे वापरले तर आणखी बरं. जुळल्यावर तो थर `Layer > Merge Down` ने `safai` मध्ये मिसळला.

खुर्चीची पाठ मागच्या जोत्यावर आली होती. अशा वेळी आधी रेषा जुळवायच्या, मग मधला भाग भरायचा. जोत्याची कड आधी `Clone` ने सरळ पुरी केली, मग वरची भिंत, शेवटी खालचं गवत. उलट केलंत तर कड जुळवताना नुकतंच बसवलेलं गवत पुन्हा खराब होतं.

आणि सावली. खुर्ची जाते, सावली राहते. मी स्वतः हे अनेकदा विसरले आहे आणि एकदा तर ग्राहकानेच विचारलं होतं की लॉनवर हे चार पाय कसले. वस्तू पुसण्याआधी सूर्य कुठून आहे ते बघा. या फोटोत ऊन डावीकडून होतं, म्हणजे प्रत्येक वस्तूची सावली उजवीकडे पडणार. खुर्च्यांच्या सावल्या, बादलीची सावली, अगदी पाइपाच्या उजव्या अंगाची बारीक काळी रेघसुद्धा. वस्तूची यादी करताना तिच्यासमोर 'सावली' असं लिहूनच ठेवावं.

चपलांसाठी पायरीचा शेजारचा स्वच्छ भाग त्याच पायरीवर सरकवून बसवला. चादरींसाठी कठड्याचे शेजारचे दोन गज आणि त्यांच्यामधलं आकाश कापून आणलं. गज सारख्या अंतरावर असल्यामुळे ते सहज बसले. कठडा तिरका दिसत असता तर मात्र तुकडा थोडा वाकवावा लागला असता.

हिरवा रंग कुठून आणायचा

आता लॉन. पहिल्यांदा मीही सगळे करतात तेच केलं होतं: `Colors > Hue-Saturation` उघडायचं, पिवळा रंग निवडायचा आणि पट्टी हिरव्याकडे ओढायची. त्यातून जे येतं ते बघून काहीतरी चुकलंय एवढं कळतं, पण काय चुकलं ते कळत नाही. रंग हिरवा असतो, तरी गवत राखाडी, पीठ मारल्यासारखं दिसतं. मग माणूस रंगाचा जोर वाढवतो आणि लॉन टेबल टेनिसच्या टेबलासारखं होतं. त्याच वेळी क्रीम रंगाची भिंतही हिरवट होते, कारण तिच्यातही पिवळा असतोच.

चूक कुठे आहे ते आकड्यांत दिसतं. नशिबाने या फोटोत एक चांगली जागा होती. लॉनच्या डाव्या कोपऱ्यात बाहेरचा नळ होता, तो थोडा गळत असावा, कारण त्याच्याभोवती हातभर जागेत हरळी हिरवी राहिली होती, आणि तिच्यावर थेट ऊन होतं. मी `Color Picker` घेतला, `Sample average` चालू करून त्रिज्या १५ ठेवली, म्हणजे एका पात्याचा नव्हे तर थोड्या जागेचा सरासरी रंग मिळतो. `Shift` दाबून क्लिक केलं की रंगाचे ० ते २५५ या मापातले आकडे वेगळ्या खिडकीत दिसतात. नळाजवळचं हिरवं गवत: लाल १०४, हिरवा १२८, निळा ६२. लॉनच्या मधलं, तेवढ्याच उन्हातलं वाळकं गवत: लाल १८४, हिरवा १६४, निळा ११८.

हे दोन ओळीत लिहून शांतपणे बघा. वाळक्या गवतात हिरवा आकडा जिवंत गवतापेक्षा जास्तच आहे. म्हणजे लॉनमध्ये हिरवा घालायचा नाहीये. लाल आणि निळा काढायचा आहे, आणि सगळं गवत मिळून बरंच गडद करायचं आहे. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, पान वाळलं की ते द्रव्य जातं आणि गवत फिकं पडतं. पट्टी ओढून आपण फक्त रंगाची छटा बदलतो, फिकेपणा तसाच राहतो. म्हणून ते पीठ मारल्यासारखं दिसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे छटा. रंगचक्रावर शुद्ध हिरवा १२० अंशांवर असतो. नळाजवळच्या खऱ्या गवताची छटा आली ८२ अंश, म्हणजे पिवळ्या आणि हिरव्याच्या मधोमध कुठेतरी. वाळक्याची होती ४२. खरं लॉन आपल्याला आठवतं त्यापेक्षा बरंच पिवळं असतं. १२० वर नेलेलं लॉन प्लॅस्टिकचं वाटतं ते यामुळेच.

एका गुणाकाराचं काम

वाळक्या रंगाला कोणत्या आकड्याने गुणलं की हिरवा मिळेल, ते आता काढता येतं:

```
थराचा आकडा = हिरवं ÷ वाळकं × 255
R: 104 ÷ 184 × 255 = 144
G: 128 ÷ 164 × 255 = 199
B:  62 ÷ 118 × 255 = 134
```

१४४, १९९, १३४ हा एक फिका, पोपटी रंग आहे. गिम्पमध्ये रंगाच्या खिडकीत `HTML notation` च्या चौकटीत `90c786` टाइप केलं की तो मिळतो. `Layer > New Layer` ने `safai` च्या वर एक थर करा, `Edit > Fill with FG Color` ने या रंगाने भरा आणि थराचा `Mode` बदलून `Multiply` करा. पूर्ण फोटोच पोपटी होईल, घाबरू नका, तो लॉनपुरता कापायचा आहे.

गुणाकाराचा मोठा फायदा सावल्यांत दिसतो. फोटोतला कुठलाही रंग म्हणजे वस्तूचा रंग आणि तिच्यावर पडलेला उजेड यांचा गुणाकारच असतो. आपण फक्त वस्तूचा रंग बदलतो, उजेड जिथल्या तिथे राहतो. आंब्याची सावली, भिंतीची सावली, पात्यांमधला अंधार, सगळं टिकतं. वरून सपाट हिरवा रंग फासला असता तर सावल्या भरून गेल्या असत्या.

तुमच्या फोटोत नळाजवळचा असा हिरवा कोपरा नसेल तर काय? कुंपणाच्या मेंदीवरून किंवा झाडाच्या पानांवरून रंग घेऊ नका, ती पानं लॉनपेक्षा बरीच गडद असतात. माझे हिरवे आकडे सुरुवातीला घ्या आणि वाळक्या गवताचे मात्र तुमच्या फोटोतून मोजा. तुमचं वाळकं गवत माझ्यापेक्षा उजळ निघालं तर हिरव्याचे तिन्ही आकडे त्याच प्रमाणात वाढवा, काळपट निघालं तर कमी करा. त्याच घराचा जुलैतला फोटो मिळाला तरी त्यातून थेट आकडे घेताना जपून, तो ढगाळ उजेडातला असतो.

मास्क: कामाचा निम्मा वेळ इथे

`Free Select` घ्या, पर्यायांत `Feather edges` चालू करून त्रिज्या २ ठेवा आणि फोटो १०० ते २०० टक्के मोठा करून लॉनच्या कडेने फिरा. फरशीची वाट, कुंड्या, दगड, झाडाचा बुंधा बाहेर ठेवा. लॉनवर पडलेल्या सावल्या मात्र आत घ्या. निवड पुरी झाली की पोपटी थरावर `Layer > Mask > Add Layer Mask` आणि त्यात `Selection` निवडा. मग `Shift+Ctrl+A` ने निवड सोडून द्या, नाहीतर तिच्याबाहेर ब्रश चालत नाही. आता मास्क जिथे पांढरा तिथे रंग दिसतो, काळा तिथे दिसत नाही. मास्कच्या छोट्या चित्रावर `Alt` दाबून क्लिक केलं तर नुसता मास्क दिसतो आणि राहिलेली भोकं सापडतात. काम झाल्यावर पुन्हा तसंच क्लिक करून परत या.

कडांवर खरी कसोटी लागते. गवत फरशीपाशी सुरीने कापल्यासारखं संपत नाही, पाती बाहेर झुकलेली असतात. चार पिक्सेलचा बारीक ब्रश घ्या, पांढरा रंग घ्या आणि फरशीवर आलेल्या पात्यांवरून, पातं जसं वाढतं त्या दिशेने, छोटे फटकारे मास्कवर मारा. सगळ्या कडेला करायची गरज नाही. कॅमेऱ्याजवळच्या कडेला नीट करा, दूरची कड कोणी तेवढी बघत नाही. या फोटोत मला एवढ्या एका कामाला वीस मिनिटं लागली आणि ती लागायलाच हवीत.

उघडी माती मास्कमधून काढून टाका, तिथे काळा ब्रश. माती गुणाकारात आली की शेवाळलेल्या चिखलासारखी दिसते. मातीची कडही फाटकी ठेवा, मधे मधे गवताचे दोन-चार ठिपके राहू द्या.

जोर कमी करणं

आता लॉन हिरवं आहे आणि तरीही पटत नाही. याचं कारण एकसारखेपणा. मी थराची `Opacity` ८५ वर आणली, म्हणजे वाळक्याची थोडी झाक सगळीकडे उरली. मग मास्कवर मोठा मऊ ब्रश, आकार ४०० च्या आसपास, काळा रंग आणि ब्रशची `Opacity` फक्त १५ ठेवून जिथे माणसं चालतात तिथे हलके ठिपके दिले: वाटेच्या दोन्ही बाजूंना, पायरीसमोर, नळाकडे जायच्या वाटेवर. अशा जागा कितीही पाणी घातलं तरी थोड्या पिवळटच राहतात.

एक निरीक्षण इथे उपयोगी पडतं. कुठल्याही खऱ्या लॉनवर उभे राहा आणि पायाशी बघा, पात्यांच्या मधून माती आणि काड्या दिसतात. तेच लॉन पन्नास फुटांवर बघा, ते गच्च हिरवं दिसतं, कारण तिकडे आपण पाती बाजूने बघतो आणि मधल्या फटी झाकल्या जातात. म्हणून फोटोच्या तळाशी, कॅमेऱ्याजवळ, रंग थोडा कमी हवा आणि मागे पुरा हवा. मी खालच्या एक पंचमांश भागावर तोच मऊ ब्रश दोनदा फिरवला.

नळाजवळचा तो मूळचा हिरवा कोपरा मास्कमधून काढायला विसरू नका. तो आधीच हिरवा आहे, त्याच्यावर पुन्हा गुणाकार झाला तर फारच गडद होतो. मी विसरले होते, आणि कोपऱ्यात गडद डाग का दिसतोय ते शोधण्यात बराच वेळ गेला.

तपासणी

फोटो २५ टक्क्यांवर आणा आणि जरा लांबून बघा. पहिली नजर लॉनवर गेली तर रंग अजून जास्त आहे. नजर घराकडे जायला हवी. मग `Image > Transform > Flip Horizontally` करून फोटो आरशासारखा उलटा करा. ओळखीचं चित्र अनोळखी होतं आणि पुन्हा पुन्हा उमटलेले झुबके, राहिलेली सावली, मोडलेली जोत्याची रेष पटकन दिसते. बघून झालं की परत उलटा. शेवटी `Color Picker` मध्ये `Sample merged` चालू ठेवून नव्या लॉनचे आकडे घ्या आणि नळाजवळच्या कोपऱ्याशी ताडून बघा. माझे आले लाल ११६, हिरवा १३३, निळा ७०. कोपऱ्यापेक्षा किंचित फिके, किंचित पिवळे. तेच हवं होतं.

मागचे डोंगर करडे-तपकिरी होते आणि आकाश धुरकट. तिकडे हात लावला नाही. उन्हाळ्यात पाणी घातलेलं लॉन हिरवं असू शकतं, पण डोंगर हिरवा नसतो, आणि डोंगर करडा असताना लॉन श्रावणातल्यासारखं असेल तर दोन्ही खोटं वाटतं. तुमच्या लॉनची हिरवाई मोजलेल्या कोपऱ्याच्या पुढे नेऊ नका, असं मी म्हणते ते यासाठीही.

बंगल्याचे आणखी तीन फोटो होते. प्रत्येकात उजेड वेगळा, म्हणून वाळक्या गवताचे आकडे प्रत्येकात नव्याने मोजले. `90c786` तसाच दुसऱ्या फोटोवर टाकला तर चार फोटोंत चार वेगळी लॉन दिसतात.

फाइल आणि ओळ

थरांसकट फाइल `File > Save` ने `.xcf` मध्ये ठेवा, म्हणजे काका उद्या "थोडं कमी कर" म्हणाले तर एक पट्टी सरकवून काम होतं. द्यायची प्रत `File > Export As` ने `.jpg`, `Quality` ९०. मूळ फोटोही त्याच फोल्डरमध्ये द्या.

फोटोखाली काय लिहायचं ते मी काकांना लिहूनच दिलं: "लॉनचा रंग संगणकावर बदलला आहे आणि सुटं सामान काढून टाकलं आहे. मार्च ते मे लॉन वाळलेलं असतं." अमेरिकेतल्या घरांचे फोटो सुधारायचं काम करणाऱ्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून घरविक्रीच्या जाहिरातीत असा बदललेला फोटो वापरला तर तसं स्पष्ट सांगणं आणि मूळ फोटो बघायची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे. काकांनी त्या ओळीत एक भर स्वतःहून घातली: "जूनच्या शेवटी आलात तर पाऊसच लॉन हिरवं करतो."